दिवेलागणीला करमत नाही तेव्हा

यवतमाळ, वाशीम किंवा गडचिरोलीच्या खेड्यातून शिक्षणासाठी पुण्याला आलेल्या मुलामुलींना पहिल्या काही आठवड्यांत घराची आठवण छळते, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु ही आठवण दिवसभर सारखी येत नाही, तिच्या येण्याच्या वेळा ठरलेल्या असतात, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. ब्रिटनमधील मानसशास्त्रज्ञ शर्ली फिशर यांनी १९८०च्या दशकात निवासी शाळांतील मुलांना रोज डायरी लिहायला सांगून याचा अभ्यास केला होता. घराची ओढ झटक्यांनी येते, मधल्या काळात तेच मूल हसत-खेळत असते आणि हातांना व डोक्याला काम नसलेल्या वेळी हे झटके अधिक येतात, असे त्यातून दिसले. खेळ, वर्ग, गप्पा यांत मन गुंतले की ओढ मागे सरते. अंथरुणावर पडल्यावर ती पुन्हा वर येते. पुढे विद्यापीठातील नव्या विद्यार्थ्यांची पाहणी केली असता, घराची ओढ असलेल्यांमध्ये विसराळूपणा आणि लक्ष भरकटणे अधिक असल्याचेही फिशर यांना आढळले. एकच पान तीनदा वाचूनही काही कळत नसेल, तर आपण शहरातील अभ्यासक्रमाला पुरे पडत नाही असा अर्थ लगेच काढू नये. लक्षाचा एक वाटा सध्या घराकडे खर्च होत आहे, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

समजा, दारव्हा तालुक्यातील एका खेड्यातून आलेली विद्यार्थिनी पुण्यात भाड्याच्या खोलीत राहते. तिचा शेवटचा तास पाच वाजता संपतो आणि मेस आठला उघडते. मधले तीन तास रिकामे. गावी याच वेळी गुरे घरी येतात, निंदणाला गेलेल्या बाया वावरातून परततात, आजी देवापुढे दिवा लावते आणि चुलीवर भाकरी पडू लागतात. म्हणजे दिवसातील सर्वांत गजबजलेला वेळ तो हाच. मेंदूला ही वेळ माणसांच्या आवाजांसह पाठ झालेली असते. खोलीत ती वेळ येते, पण आवाज येत नाहीत. गळा दाटतो, छातीवर दडपण येते, भूक लागत नाही. त्यातच पोळा किंवा महालक्ष्म्या तोंडावर आलेल्या असल्या, घरी आंबील आणि पुरणाची तयारी चालू असली, तर हा झटका नेहमीपेक्षा जोराचा असतो. शहर वाईट आहे किंवा ही मुलगी कमकुवत आहे, असे त्यावरून ठरत नाही.

तिने पहिले काम करावे ते वहीचे. आठवडाभर रोज झोपण्यापूर्वी तिने तीनच गोष्टी लिहाव्यात: आठवण केव्हा दाटून आली, त्या वेळी मी काय करत होते आणि ती केव्हा ओसरली. तिसरी नोंद सर्वांत मोलाची, कारण झटका चालू असताना तो संपणारच नाही असे वाटते आणि संपल्यावर त्याचा शेवट लक्षात राहत नाही. सहा ते साडेसात या वेळेत पाच दिवस नोंदी आल्या आणि जेवणानंतर एकही आली नाही, तर दुरुस्ती दिवसाच्या कोणत्या भागात करायची ते आपोआप कळते.

ती वेळ भरताना मात्र 'संध्याकाळी काहीतरी करीन' असा मोघम निश्चय टिकत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी दाखवले आहे की केव्हा, कोठे आणि काय हे आधीच जोडून ठेवलेला बेत नुसत्या इच्छेपेक्षा अधिक वेळा पार पडतो. म्हणून बेत असा असावा: 'पाचचा तास सुटला की मी खोलीवर न जाता थेट ग्रंथालयात जाईन आणि साडेसहाला वर्गमैत्रिणीबरोबर चहा घेऊन चालत मेसकडे निघेन.' यातील खोलीवर न जाणे ही बाब लहान दिसते, पण बहुतेक गुण तिचाच आहे. मैत्रिणीशी मोठी मैत्री जुळण्याची वाट पाहू नये. रोज त्याच वेळी तेच चार चेहरे दिसणे एवढेही सुरुवातीला पुष्कळ असते. आपली वऱ्हाडी बोली ऐकून कोणी हसेल या धास्तीने काही मुले गप्पच राहतात आणि त्यामुळे हा मार्ग त्यांच्यासाठी बंद होतो. अशांनी एकाच माणसापासून सुरुवात करावी.

मग घराची आठवण दाबून टाकायची का? मुळीच नाही. नेदरलँड्समधील मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये शोकाविषयी मांडणी केली की निरोगी मन गमावलेल्याकडे आणि नव्या जगण्याकडे आळीपाळीने वळत राहते. कोणत्याही एका टोकाला अडकणे त्रासाचे ठरते. घराची ओढ हा त्यांनी पुढे लहान स्वरूपाचा शोकच मानला. माझ्या मते विद्यार्थ्यांच्या बाबतीत ही ये-जा बिघडते ती बहुधा फोनपाशी. मुलगी नेमकी दिवेलागणीला, झटका शिगेला असताना फोन करते, आईला तिचा रडवेला आवाज ऐकू येतो, आई रात्रभर जागते, आणि ते कळल्यावर मुलगी दुसऱ्या दिवसापासून सारे आलबेल असल्याचे सांगू लागते. त्यापेक्षा रोजचा फोन जेवणानंतर किंवा सकाळी वर्गापूर्वी करावा. संध्याकाळी करमत नाही, पण जेवल्यावर बरे वाटते, हे खरे तेच सांगावे. नंतर वावरात डवरण झाले का, गाय व्याली का, आजीचे गुडघे कसे आहेत, असे घरचे साधे विचारावे आणि आपल्या दिवसातील एखादी घडलेली गोष्ट सांगावी. असा फोन घराशी नाते राखतो आणि संध्याकाळही मोकळी ठेवतो.

आईवडिलांसाठीही एक सूचना आहे. उन्हाळी शिबिरांना जाणाऱ्या मुलांचा अभ्यास केलेले अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर थर्बर पालकांना सांगतात की 'नाही आवडले तर लगेच न्यायला येऊ' असे वचन आधी देऊ नये, कारण त्यातून तुझ्याने हे होणार नाही असाच संदेश मुलाला मिळतो. महाविद्यालयातील मुलांनाही हे लागू पडते असे मला वाटते. घरी कधी यायचे, ती तारीख शांत असताना ठरवून तिकीट काढून ठेवावे. रात्रभराच्या ट्रॅव्हल्सचा किंवा रेल्वेचा प्रवास असल्याने दर शनिवारी येण्याजाण्यात विश्रांतीही जाते आणि शहरातील ओळखी वाढण्याचा रविवारही जातो. तारीख ठरलेली असली की ओढीच्या क्षणी 'आत्ता निघू का' हा प्रश्न पुन्हा पुन्हा सोडवावा लागत नाही.

बहुतेकांची ओढ पहिल्या सत्रातच हळूहळू उतरते, जरी सणावारी किंवा घरून परतल्यावर ती काही दिवस पुन्हा वाढली तरी. वहीतील नोंदी निराळेच काही सांगू लागल्या, तर मात्र वाट पाहू नये. दोन आठवडे जवळजवळ दिवसभर मन खिन्न राहणे, झोप व भूक बिघडणे, आवडत्या गोष्टींतही रस न उरणे, घरी जाऊनही हलके न वाटणे ही नैराश्याची चिन्हे असू शकतात आणि त्यावर उपचार आहेत. अशा वेळी महाविद्यालयातील समुपदेशकाला किंवा डॉक्टरांना भेटावे. केंद्र शासनाची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असून तेथे मराठीतून बोलता येते. जगणे नकोसे वाटत असेल, तर त्याच क्षणी हा क्रमांक लावावा आणि शेजारच्या खोलीतील कोणाला तरी बोलावून जवळ बसवून घ्यावे.