पुण्यातील मिळकतकराचे बिल : करयोग्य मूल्यापासून तपासणी कशी करावी

पुणे महानगरपालिकेच्या मिळकतकराच्या बिलात तळाच्या एकूण रकमेकडे आधी लक्ष जाते, परंतु तपासणीची सुरुवात ‘वार्षिक करयोग्य मूल्य’ या आकड्यापासून करावी, कारण पुढील बहुतेक कर त्याच्याच टक्केवारीने निघतात.

हे मूल्य काढताना आकारणीयोग्य क्षेत्रफळाला त्या भागासाठी व वापरासाठी ठरलेल्या मासिक भाड्याच्या दराने आणि बारा महिन्यांनी गुणले जाते. मालक स्वतः राहत असल्यास व सवलत मंजूर असल्यास त्यातून 40 टक्के वजा होतात. त्यानंतर दुरुस्तीपोटी 10 टक्के वजावट मिळते. उदाहरणादाखल क्षेत्रफळ 600 चौरस फूट आणि दर 2 रुपये धरू. वार्षिक भाडे 14,400 रुपये होते. सवलतीनंतर ते 8,640 आणि वजावटीनंतर करयोग्य मूल्य 7,776 रुपये उरते. सवलत लागली नसेल, तर हेच मूल्य 12,960 दिसते. सर्व करांची बेरीज 40 टक्के मानली, तर कर 3,110 रुपयांऐवजी 5,184 रुपये येतो. येथील दर व टक्केवारी केवळ हिशेबापुरती आहे. प्रत्यक्ष दर आपल्या आकारणीच्या उताऱ्यावरून घ्यावेत.

सवलत नोंदली नसल्यास पीटी-3 अर्ज भरून क्षेत्रीय कार्यालयात द्यावा लागतो. त्यासोबत स्वतः राहत असल्याचे सोसायटीचे पत्र आणि मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा गॅस कार्ड यांसारखा पत्त्याचा पुरावा जोडावा. शहरात दुसरी मिळकत असल्यास तिच्या बिलाची प्रतही जोडावी.

पुढील ओळींत सर्वसाधारण कर, सफाई कर, अग्निशामक कर, वृक्ष कर इत्यादी असतात. प्रत्येक रकमेला करयोग्य मूल्याने भागून टक्केवारी काढावी आणि ती त्या वर्षाच्या मंजूर दराशी ताडून पाहावी. शासनाचा शिक्षण कर व रोजगार हमी कर महापालिका केवळ वसूल करून देते. यांपैकी रोजगार हमी कर निवासी मिळकतीला लागत नाही, म्हणून राहत्या सदनिकेच्या बिलात ती ओळ आढळली, तर वापराची नोंद ‘बिगरनिवासी’ झाली आहे असे समजावे. अशा चुकीमुळे भाड्याचा दरही चढा लागतो, त्यामुळे केवळ ती ओळ वगळण्याची नव्हे, तर वापराची नोंदच दुरुस्त करण्याची मागणी करावी.

शेवटी थकबाकी पाहावी. भरलेली रक्कम जमा न झाल्यास ती मागील बाकी म्हणून पुढे येते आणि तिच्यावर दरमहा 2 टक्के शास्ती चढत राहते. अशा वेळी पावतीवरील मिळकत क्रमांक बिलावरील क्रमांकाशी अंक न् अंक जुळवावा, कारण ऑनलाइन भरणा करताना एक अंक चुकला की पैसे दुसऱ्याच्या खात्यात जाऊ शकतात.

मूल्य नव्याने ठरले किंवा वाढले असेल, तर बिलापूर्वी विशेष नोटीस येते. तिच्यात छापलेल्या मुदतीतच लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी.