आधी नेमकं कुठे दुखत होतं?

"संबंधाच्या वेळी लागतंय ओ मॅडम." सोबत आलेल्या जावेला बाहेर बसवलं, तेव्हा कुठे ती एवढं बोलली. वय २९, सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात शिलाईचं काम, लग्नाला सहा वर्षं, एक मुलगी. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.

औषधाच्या चिठ्ठीमागे मी साधं चित्र काढलं. खाली योनीचं तोंड, वर गर्भपिशवी, तिच्यामागे आतडं. पेन तिच्या हातात दिलं. तिने तोंडापाशी फुली मारली.

तोंडाशी होणारं आणि आत खोलवर होणारं दुखणं हे बहुतेक वेळा दोन वेगळे आजार असतात. तोंडाची त्वचा बोटाच्या त्वचेसारखीच नेमकी जागा सांगते. तिथे आग होते, चिरल्यासारखं वाटतं, आणि तेही आत जायच्या क्षणीच. पोटातल्या अवयवांना अशी नेमकी जागा सांगता येत नाही. ते दुखणं बोथट असतं, जोर आत लागला की ओटीपोटात कळ येते, कधी कमरेत किंवा गुदद्वाराकडे जाते आणि नंतर तासन् तास रेंगाळते.

तोंडाशी दुखण्यामागे कोरडेपणा हे फार नेहमीचं कारण आहे. बाळ अंगावर पीत असताना आणि पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, अस्तर पातळ होतं, ओलावा आटतो. खाज आणि दह्यासारखं पांढरं जात असेल तर बुरशीचा संसर्ग असू शकतो. बाळंतपणात घातलेल्या टाक्यांचा व्रणही दुखतो. काही जणींना बाहेरून काहीच दिसत नाही, पण कापसाची काडी तोंडाच्या खालच्या कडेला हलकेच टेकवली तरी त्या दचकतात. तिथल्या मज्जातंतूंची संवेदनाच वाढलेली असते.

आतल्या दुखण्यामागे गर्भपिशवीच्या नळ्यांचा संसर्ग, अंडाशयातली गाठ, फायब्रॉइड असू शकतं. पाळीही फार दुखत असेल तर माझ्या मनात एंडोमेट्रिओसिस येतं. यात गर्भपिशवीच्या अस्तरासारखे पेशींचे ठिपके पिशवीबाहेर वाढतात, बऱ्याचदा पिशवीच्या मागच्या बाजूला. संबंधात नेमका तिथेच धक्का बसतो, त्यामुळे एका स्थितीत जास्त दुखतं, दुसऱ्या स्थितीत कमी.

तिच्या फुलीवरून हे तोंडाचंच दुखणं वाटत होतं. पण मी आणखी एक विचारलं, "लग्नानंतर पहिल्या वर्षी कुठे दुखायचं?" ती थांबली. मग चित्रात वर, पिशवीच्या मागे, दुसरी फुली मारली.

सगळा उलगडा या दुसऱ्या फुलीत होता. आत कळ येणार हे शरीराला एकदा कळलं की योनीभोवतीचे ओटीतळाचे स्नायू आधीच आवळतात, कुणी हात उगारला की डोळे मिटतात तसेच. ती हे मुद्दाम करत नसते. महिनोन् महिने असं झालं की स्नायू सैल व्हायचंच विसरतात, आणि मग तोंडाशीही दुखू लागतं. तिला आधी कुणीतरी "जागा लहान आहे, सवय होईल" असं सांगून पाठवलं होतं. मला याचा राग येतो, कारण तिचं मूल नॉर्मल बाळंतपणाने झालं होतं.

तपासताना काडी टेकवल्यावर दुखलं नाही, त्वचाही चांगली होती. एकच बोट आत घातलं, तर दोन्ही बाजूंचे स्नायू ताणलेल्या दोरीसारखे लागले. "आवळा" म्हटलं की जमायचं, "सोडा" म्हटलं की सुटायचे नाहीत. पिशवीच्या तोंडामागे एक जागा दाबताच तीच जुनी कळ आली. पाळीत शौचालाही दुखतं, हे विचारल्यावर कळलं. सोनोग्राफी मात्र नॉर्मल होती. एंडोमेट्रिओसिसचे वरवरचे ठिपके सोनोग्राफीत बहुधा दिसत नाहीत, त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून आजार नाही असं म्हणता येत नाही.

दुसरं मूल तूर्त नको होतं, म्हणून पाळी थांबवणारी हार्मोनची गोळी सुरू केली. चार महिन्यांत आतली कळ बरीच कमी झाली, पण तोंडाशी दुखणं तसंच राहिलं. हे अपेक्षितच होतं. गोळी ठिपक्यांवर काम करते, स्नायूंना सैल व्हायला शिकवत नाही. त्यासाठी ओटीतळाची फिजिओथेरपी लागली: पोटाने संथ श्वास, श्वास आत घेताना स्नायू सोडणं, मग हळूहळू स्वतःचं एक बोट आत. तोवर संबंध ठेवायचा नाही, हे नवऱ्याला बोलावून मीच सांगितलं.

काही वेळा मात्र थांबून चालत नाही. संबंधानंतर रक्त जात असेल तर गर्भपिशवीचं तोंड लवकर तपासून घ्यावं. ताप आणि घाण वासाचं पांढरं जाणं यांसोबत आत दुखू लागलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. पाळी चुकलेली असताना एका बाजूला जोराची कळ आली तर सरळ दवाखान्याच्या तातडीच्या विभागात जावं, कारण गर्भ नळीत असू शकतो.

ती पुन्हा आली तेव्हा तो चित्राचा कागद तिच्या पर्समध्ये घडी करून ठेवलेला होता. खालची फुली तिने स्वतःच खोडली होती. वरची अजून ठेवली होती, "पाळीच्या आधी थोडं लागतंय" म्हणून.