खूण कधी करायची: रांगेत घालताना की रांगेतून काढताना?

चौकोनी घरांच्या चक्रव्यूहातून सर्वांत जवळची वाट शोधायला ब्रेड्थ-फर्स्ट सर्च, म्हणजे बीएफएस, वापरतात. एडवर्ड मूर यांनी १९५९ साली ही रीत चक्रव्यूहाच्याच संदर्भात मांडली. सुरुवातीचं घर रांगेत घालायचं. मग रांगेच्या पुढून एक घर काढायचं, त्याची न पाहिलेली शेजारची घरं मागे उभी करायची, आणि रांग संपेपर्यंत हेच करत राहायचं. आधी एका पावलावरची घरं येतात, मग दोन पावलांवरची, मग तीन. एकदा पाहिलेल्या घरावर खूण करतात, ती त्याच घराकडे पुन्हा वळायला नको म्हणून. प्रश्न एवढाच, की ती खूण नेमकी कधी करायची?

पुष्कळदा कोड असं लिहिलेलं दिसतं:

```python
while q:
    r, c = q.popleft()
    seen.add((r, c))
    for n in neighbours(r, c):
        if n not in seen:
            q.append(n)
```

वाचताना यात काही खटकत नाही. घर हातात आलं की पाहिलं म्हणायचं, हे सरळच वाटतं. पण एका मोकळ्या कोपऱ्यात हे चालवून पाहू. सुरुवातीचं घर क, त्याच्या उजवीकडे ख, खाली ग, आणि ख व ग या दोघांना लागून असलेलं तिरपं घर घ. क बाहेर येतं. ख आणि ग रांगेत जातात. ख बाहेर येतं, त्याला खालचं घ दिसतं, घ रांगेत जातं. आता ग ची पाळी. त्यालाही उजवीकडे घ दिसतं. घ रांगेत उभं आहे, पण अजून बाहेर आलेलं नाही, त्यामुळे त्याच्यावर खूण नाही. म्हणून ते दुसऱ्यांदा रांगेत जातं. पुढे घ दोनदा बाहेर येतं आणि दोन्ही वेळा आपली पुढची शेजारघरं नव्याने रांगेत घालतं.

म्हणजे रांगेत प्रत्येक घराच्या प्रती त्याला लागून असलेल्या आधीच्या घरांच्या प्रतींच्या बेरजेइतक्या होतात. कोपऱ्यातून सुरुवात केली तर मोकळ्या ३×३ चौकटीत ओळींमध्ये १, १, १. १, २, ३. १, ३, ६ असे आकडे पडतात. हा पास्कलचा त्रिकोण आहे, आणि पिंगलाच्या छंदशास्त्रावरील हलायुधाच्या टीकेत दहाव्या शतकात आलेला मेरुप्रस्तारही हाच. तिथे लघु-गुरूंच्या रचना मोजल्या जातात, इथे उजवीकडे-खाली अशा पावलांच्या. एखादं घर जितक्या वेगवेगळ्या जवळच्या वाटांनी गाठता येतं, तितक्या वेळा ते रांगेत येतं. १०×१० च्या मोकळ्या चौकटीत १०० घरं असतात, पण रांगेतून १,८४,७५५ वेळा काढणी होते. २०×२० ला हा आकडा १३,७८४ कोटींच्या पुढे जातो आणि प्रोग्राम हँग झाल्यासारखा वाटतो.

तरीही ही चूक टिकून राहते, कारण उत्तर बरोबर येतं. रांगेतला क्रम बिघडत नाही: एकाच अंतरावरच्या सगळ्या प्रती पुढच्या अंतराच्या आधीच बाहेर पडतात. त्यामुळे अंतर अचूक निघतं आणि लहान चाचण्या पास होतात. त्यातून चाचणीचा चक्रव्यूह अरुंद बोळांचा असेल, प्रत्येक ठिकाणी जायला एकच वाट असेल, तर एकही घर दोनदा रांगेत जात नाही. दोष दिसतो तो वाटा फुटून पुन्हा एकत्र येतात तिथे. बोळांनी जोडलेल्या २×२ च्या खोल्या घ्या, एका कोपऱ्यातून आत आणि समोरच्या कोपऱ्यातून बाहेर. प्रत्येक खोलीनंतर प्रती दुप्पट होतात, आणि पुढच्या बोळात त्या कमी होत नाहीत. अशा २० खोल्यांनंतर बोळातलं एकेक घर १०,४८,५७६ वेळा बाहेर येतं.

उशिरा खूण करायची सवय बहुधा डायक्स्ट्राच्या पद्धतीतून येते, आणि तिथे ती योग्यच आहे. तिथे पावलांची किंमत वेगवेगळी असते. एखादं घर आधी महाग वाटेने सापडतं आणि नंतर स्वस्त वाट निघते. म्हणून ते बाहेर येईपर्यंत निर्णय थांबवावा लागतो. बीएफएसमध्ये सगळ्या पावलांची किंमत सारखी. घर पहिल्यांदा दिसलं तेव्हाचंच अंतर कायमचं, मग थांबायचं कशासाठी? दिसताक्षणी खूण करावी:

```python
        if n not in seen:
            seen.add(n)
            q.append(n)
```

काहीजण खूण उशिराच ठेवतात, पण घर बाहेर आल्यावर त्यावर आधीच खूण असेल तर ते सोडून देतात. यानेही स्फोट टळतो. मात्र १०×१० च्या त्याच मोकळ्या चौकटीत रांगेत १०० ऐवजी १८१ नोंदी जातात, कारण वरची ओळ आणि डावा स्तंभ सोडून प्रत्येक घर दोनदा येतं. चालतं, पण जागा आणि वेळ उगाच जातो.

आपल्या कोडमध्ये हा दोष आहे का, हे ओळखायला लूपमध्ये `popleft` किती वेळा झालं याचा एक काउंटर पुरतो. तो मोकळ्या घरांच्या संख्येपुढे गेला की खूण उशिरा होते आहे असं समजावं. चाचणीसाठी मात्र भिंती नसलेली चौकट घ्यावी. आणि दुरुस्ती करताना सुरुवातीच्या घरावर लूपच्या आधीच खूण करायला विसरू नये. नाहीतर पहिला शेजारी त्यालाच पुन्हा रांगेत घालतो, आणि अंतरं लिहून ठेवत असाल तर शून्य अंतराच्या त्या घरावर दोन हा आकडा लिहिला जातो.