खुराड्यातलं शेवटचं कबुतर

4 ऑक्टोबर 1918, पहिलं महायुद्ध. फ्रान्समधल्या आर्गोनच्या जंगलात अमेरिकेच्या 77व्या डिव्हिजनचे साडेपाचशेच्या आसपास सैनिक एका घळीत अडकले होते. चारही बाजूंना जर्मन, आणि दुपारी त्यांच्यावर आपल्याच तोफांचे गोळे पडू लागले. त्यांचे प्रमुख मेजर व्हिटलसींनी घाईघाईने चिठ्ठी लिहिली: आम्ही नकाशावरच्या 276.4 या रेषेला समांतर रस्त्याकडेला आहोत, आपला तोफखाना थेट आमच्यावरच मारा करतोय, देवासाठी तो थांबवा.

कबुतरं सांभाळणारा शिपाई होता ओमर रिचर्ड्स. उरलेल्या दोन कबुतरांपैकी एक त्याच्या हातातून निसटून चिठ्ठीविनाच उडालं. मग त्याने शेवटचं, शेर अमी, बाहेर काढलं, चिठ्ठीची सुरळी पायाच्या नळीत सरकवली आणि त्याला सोडलं. ते जवळच्या फांदीवर जाऊन बसलं! खालून दगड मारले, तरी हलेना. शेवटी रिचर्ड्स गोळीबारातच झाडावर चढला आणि त्याने फांदी गदागदा हलवली, तेव्हा कुठे ते उडालं.

टपालाचं कबुतर हव्या त्या पत्त्यावर जात नाही. ते फक्त घरी परततं, म्हणजे ज्या कबुतरखान्यात वाढलं तिथे. म्हणून सैनिक त्याला टोपलीतून आघाडीवर नेत. त्याच्याकडून निरोप पाठवता येतो, पण उत्तर येत नाही.

दिशा ते मुख्यतः सूर्यावरून धरतं. सूर्य सरकत असतो, त्यामुळे वेळेचं भानही लागतं. कबुतराला काही दिवस कृत्रिम उजेडात ठेवून त्याचं अंतर्गत घड्याळ सहा तासांनी सरकवलं, की उन्हाच्या दिवशी ते साधारण काटकोनात चुकीच्या दिशेला निघतं. ढगाळ दिवशी ही चूक होत नाही, कारण तेव्हा ते पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आधार घेतं. अमेरिकेत विल्यम कीटन यांनी कबुतरांवर छोटे चुंबक बसवले, तेव्हा ती ढगाळ दिवशी भरकटली आणि उन्हात मात्र बिनचूक निघाली. पण नुसती दिशा कळून भागत नाही. आपण घरापासून कुठल्या बाजूला आहोत हेही कळावं लागतं. ते बहुधा वाऱ्यावरच्या वासांवरून कळतं, असं इटलीतल्या प्रयोगांवरून दिसतं: वास न येणारी कबुतरं अनोळखी जागेवरून घराची वाट चुकतात. यावर वाद अजून चालू आहे.

शेर अमी छातीत गोळी लागून, एक पाय लोंबकळत असताना कबुतरखान्यात पोचलं. चिठ्ठीची नळी त्याच पायाला होती, असं सांगतात. व्हिटलसींची हीच चिठ्ठी त्याने आणली का, याचा पक्का पुरावा लष्करी नोंदींत सापडत नाही. ते जखमी होऊन परतलं, एवढं मात्र नक्की. आज ते स्मिथसोनियन संग्रहालयात एका पायावर उभं आहे. 2021 मध्ये डीएनए तपासल्यावर तो नर असल्याचं ठरलं.

घळीत मात्र आता एकही कबुतर उरलं नव्हतं. निरोप पोचला की नाही, हे कळायचा मार्ग एकच होता: पुढचा गोळा पडतो का, याकडे कान लावून बसणं. गोळे थांबले. वेढा आणखी तीन दिवसांनी फुटला. स्वतःच्या पायांवर चालत बाहेर आले 194 जण.