शनी आणि शुक्र एकसारखे दिसतात तेव्हा

शुक्राचा व्यास आहे १२,१०४ किलोमीटर, आणि शनीचा विषुववृत्तावर मोजलेला व्यास १,२०,५३६ किलोमीटर. म्हणजे शनी जवळजवळ दहापट रुंद. पण हेच दोन आकडे स्लाइडवरच्या तक्त्यात डाव्या कडेला टेकवून लिहिले, की दोन्हींची सुरुवात १ आणि २ या अंकांनी होते आणि दुरून पाहणाऱ्याला ते जवळपास सारखेच वाटतात. त्याच स्तंभात बुधाचे ४,८७९ आणि गुरूचे १,४२,९८४ असतील, तर नजर आधी बुधाचा ४ आणि गुरूचा १ यांची तुलना करते. सगळ्यात लहान ग्रह सगळ्यात मोठ्या ग्रहापेक्षा पुढे निघून जातो.

माहितीत काहीही चूक नाही. चूक आहे ती आकडे कुठे टेकवले यात. आपल्या अंकलेखनात अंकाची किंमत त्याच्या जागेवरून ठरते आणि ही जागा उजवीकडून मोजली जाते: एकक, दशक, शतक, हजार. उभी बेरीज मांडताना आपण एककाखाली एकक लिहितो, ते याचसाठी. स्तंभातले आकडे उजव्या कडेला जुळवले की प्रत्येक स्थानाची एक उभी ओळ तयार होते, आणि जो आकडा मोठा तो डावीकडे जास्त लांब जातो. गुरूचा आकडा बुधाच्या आकड्यापेक्षा दोन अंकांनी लांब आहे, हे वाचायच्या आधीच दिसते. आकडे मधोमध ठेवले तर मात्र दोन्ही कडा दातेरी होतात आणि कुठलेच स्थान कशाखालीच येत नाही. व्यवस्थित दिसावे म्हणून पुष्कळ जण आकडे मधोमध ठेवतात, पण तुलनेसाठी ती मांडणी डावीकडच्या मांडणीइतकीच निरुपयोगी असते.

उजवीकडे जुळवूनही दोन ठिकाणी घोटाळा राहू शकतो. पहिले ठिकाण दशांश चिन्ह. एका ओळीत ५.४ आणि दुसऱ्या ओळीत ०.६९ असेल, तर ९ हा शतांश ४ या दशांशाखाली येऊन बसतो. म्हणून एका स्तंभात दशांशानंतरचे अंक सगळीकडे सारखेच हवेत. दुसरे ठिकाण फॉन्ट. काही फॉन्टमध्ये १ हा अंक ८ पेक्षा अरुंद असतो, त्यामुळे उजवी कड जुळली तरी आतली स्थाने सरकतात. तपासायला सोपे आहे: त्याच फॉन्टमध्ये, त्याच आकारात ११११ आणि त्याखाली ८८८८ लिहा. दोन्हींची लांबी सारखी नसेल तर तो फॉन्ट तक्त्यासाठी घेऊ नका. स्तंभाचे शीर्षकही आकड्यांबरोबर उजवीकडे न्यावे, नाहीतर ते शेजारच्या स्तंभाचे वाटू लागते. ग्रहांची नावे मात्र डावीकडेच राहू द्यावीत, कारण शब्दाची ओळख सुरुवातीच्या अक्षरापासून होते.

आता हा तक्ता पुरा डोळ्यांसमोर आणू. आठ ग्रहांच्या आठ ओळी आणि शीर्षकाची एक. स्तंभ नऊ: नाव, व्यास, वस्तुमान, घनता, पृष्ठावरचे गुरुत्व, सूर्यापासूनचे अंतर, प्रदक्षिणेचा काळ, सरासरी तापमान आणि उपग्रहांची संख्या. प्रत्येक खान्याभोवती काळी चौकट. खाने झाले ८१, आणि ते आखायला दहा आडव्या व दहा उभ्या रेघा लागल्या.

या रेघा वाचनात नेमक्या कशा आड येतात, याचे एक चांगले उत्तर १९६३ सालच्या एका प्रयोगात आहे. मर्टन फ्लॉम, फ्रँक वेमथ आणि डॅनियल कानेमान (पुढे २००२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले तेच) यांनी लोकांना एका बाजूला फट असलेले वर्तुळ दाखवले आणि फट कोणत्या दिशेला आहे ते विचारले. वर्तुळाच्या चारही बाजूंना साध्या पट्ट्या होत्या. त्या पट्ट्या वर्तुळाच्या फार जवळ आणल्या की फटीची दिशा ओळखणे कठीण व्हायचे, आणि पुरेशा दूर नेल्या की ती अडचण नाहीशी व्हायची. पट्ट्यांनी वर्तुळ कुठेही झाकलेले नव्हते. आकाराला खेटून दुसरी कड असली की आपली दृष्टी दोघांची सरमिसळ करते. नजर जिथे रोखली आहे तिथून बाजूला जाऊ तसा हा परिणाम वाढत जातो. दाट तक्त्यातला खाना म्हणजे चारही बाजूंनी पट्ट्या लावलेला आकडाच.

आणि सभागृहात बहुतेक आकडे नजरेच्या बाजूलाच असतात. डोळ्यांना अगदी स्पष्ट दिसणारा भाग जेमतेम दोन अंशांचा. सहा मीटरवर बसलेल्या माणसासाठी दोन अंश म्हणजे पडद्यावरचे सुमारे २१ सेंटिमीटर. पडदा दोन मीटर रुंद धरला तर नऊ स्तंभांपैकी कसाबसा एक स्तंभ त्यात मावतो. बाकीचे आठ अंधुक दिसत असतात आणि त्या अंधुकपणात काळ्या चौकटी आकड्यांपेक्षा ठळक उठतात.

उभ्या रेघा म्हणूनच बिनदिक्कत काढून टाकाव्यात. उजवीकडे नीट जुळलेल्या आकड्यांची कड हीच एक उभी रेघ असते, ती पुन्हा आखायची गरज नाही. आडव्या रेघांबद्दल मला इतके ठाम बोलता येणार नाही. त्या नजरेला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेतात, आणि तक्ता रुंद असेल तर त्यांच्याशिवाय ओळ चुकते. आपल्या तक्त्यात दोन आडव्या रेघा पुरतात: एक शीर्षकाखाली आणि दुसरी मंगळाखाली, कारण तिथे खडकाळ ग्रह संपून अवाढव्य ग्रह सुरू होतात. पॉवरपॉइंटमध्ये तक्ता निवडून `Table Design` मधून आधी `No Border` द्यायचे, `Banded Rows` ची खूण काढायची, आणि मग `Pen Color` व `Pen Weight` ठरवून त्या दोन ओळींनाच `Bottom Border` द्यायची. एकाआड एक रंगवलेल्या पट्ट्या आठ ओळींच्या तक्त्यात काढलेल्याच बऱ्या. त्या विनाकारण शुक्र आणि मंगळ यांना एका रंगात आणून त्यांचा काही संबंध असल्याचा भास निर्माण करतात.

रेघ हलकी करायची म्हणजे बारीक करायची असे अनेकांना वाटते. स्लाइडवर हा हिशोब फसतो. नेहमीची रुंद स्लाइड १३.३३ इंच असते. ती १९२० पिक्सेल रुंदीच्या प्रोजेक्टरवर दाखवली की इंचाला १४४ पिक्सेल येतात, आणि इंचात ७२ पॉइंट असल्याने एक पॉइंट म्हणजे दोन पिक्सेल. पाव पॉइंटची रेघ अर्ध्या पिक्सेलची झाली, आणि अर्धा पिक्सेल प्रोजेक्टर दाखवू शकत नाही. अशी रेघ कधी फिकट पुसल्यासारखी दिसते, कधी शेजारच्या रेघेपेक्षा जाड. म्हणून जाडी पाऊण ते एक पॉइंट ठेवावी आणि हलकेपणा रंगातून आणावा. पांढऱ्या पार्श्वभूमीवर मध्यम करडा रंग चांगला. फार फिकट करडा आपल्या संगणकावर सुरेख दिसतो, पण खोलीतले दिवे लागले की पडद्यावरच्या काळ्या-पांढऱ्या सगळ्याच भागांवर तोच उजेड मिसळतो, फरक कमी होतो आणि रेघ नाहीशी होते.

राहिला स्तंभांचा प्रश्न, आणि सगळ्यात जास्त वाद याच्यावरच होतात. प्रत्येक स्तंभाच्या बाजूने कोणीतरी बोलतेच. बारा इंच रुंदीत नऊ स्तंभ बसवले तर एकाला सव्वा-दीड इंच मिळतो, त्यातला एक पंचमांश इंच पॉवरपॉइंट दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागेत घालतो. मग ‘सूर्यापासूनचे सरासरी अंतर’ हे शीर्षक तीन ओळींत मोडते आणि अक्षरे १८ पॉइंटवरून ११ वर येतात. तरीही माझ्या मते अक्षरांचा आकार हे दुय्यम कारण आहे. वाचक पुस्तकातल्या तक्त्यात मागेपुढे फिरू शकतो, पण स्लाइड बोलणाऱ्याच्या वेगाने जाते. कामापुरते मनात धरून ठेवण्याची आपली क्षमता नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये साधारण चार घटकांची मांडली. तेवढ्यात ऐकणेही भागवायचे असते. यावरून ‘चारच स्तंभ’ असा नियम निघत नाही. स्तंभ किती ठेवायचे हे त्या स्लाइडवर बोलायच्या वाक्यावरून ठरते.

समजा वाक्य असे आहे: आतले चार ग्रह लहान पण घट्ट आहेत, बाहेरचे चार मोठे पण विरळ. या वाक्याला व्यास आणि घनता एवढेच लागते. बाकी सहा स्तंभ जातात. व्यासही किलोमीटरपर्यंत नेमका नको. संख्याशास्त्रज्ञ अँड्र्यू एहरनबर्ग यांनी १९७० च्या दशकात आग्रहाने सांगितले होते, की दोन सार्थ अंकांपर्यंत आणलेल्या आकड्यांची तुलना मनातल्या मनात करता येते, लांबलचक आकड्यांची नाही. एकक शीर्षकात घातले की खान्यांतून ‘किमी’ची पुनरावृत्तीही जाते.

| ग्रह | व्यास (हजार किमी) | घनता (ग्रॅम प्रति घन सेंमी) |
|:--|--:|--:|
| बुध | ५ | ५.४ |
| शुक्र | १२ | ५.२ |
| पृथ्वी | १३ | ५.५ |
| मंगळ | ७ | ३.९ |
| गुरू | १४३ | १.३ |
| शनी | १२१ | ०.७ |
| युरेनस | ५१ | १.३ |
| नेपच्यून | ५० | १.६ |

आता पहिला स्तंभ गुरूपाशी एकदम रुंद होतो आणि दुसरा तिथेच खाली घसरतो. शनीचा ०.७ पाण्याच्या १ पेक्षाही कमी आहे, आणि तो सांगायचा असेल तर तेवढा एकच आकडा ठळक करता येतो. ८१ ठळक-फिकट खान्यांत तो उठून दिसला नसता.

हा लहान तक्ता पूर्ण स्लाइडभर ताणायचा मोह टाळावा. नाव डाव्या टोकाला आणि घनता उजव्या टोकाला गेली, की मधले मोकळे मैदान ओलांडताना नजर युरेनसवरून नेपच्यूनवर घसरते आणि काढलेल्या आडव्या रेघा परत आणाव्या लागतात. अर्ध्या रुंदीत तक्ता ठेवला तर त्या लागत नाहीत. जो श्रोता उपग्रहांची संख्या किंवा तापमान विचारेल त्याच्यासाठी नऊ स्तंभांचा मूळ तक्ता कागदावर द्यावा. हातातला कागद तीस सेंटिमीटरवर असतो आणि तिथे डोळे हवे तितके थांबतात.

शेवटी खोलीतल्या शेवटच्या रांगेत उभे राहून, दिवे लावलेले ठेवून, स्लाइड पाहावी आणि ज्याने ती बनवलेली नाही अशा कोणाला तरी सगळ्यात विरळ ग्रह शोधायला सांगावे. बोट शनीच्या ऐवजी शेजारच्या ओळीवर गेले तर ओळींमधले अंतर किंवा करडी रेघ वाढवायची. त्याने आधी रेघांबद्दल काही म्हटले तर त्या अजून फिकट करायच्या.