टॉवरपासून किती दूर गेलं की तीव्रता चौथाई होते?

नागपुरात मनीषनगरसारख्या दाट वस्तीत समोरच्या गच्चीवर मोबाइलचं पॅनेल दिसलं, की शाळेतला व्यस्त वर्गाचा नियम आठवतो: अंतर दुप्पट, तर लहरींची तीव्रता चौथाई. नियम खरा आहे, पण तो उगम बिंदूएवढा वाटावा इतक्या लांबून. पॅनेल तर चांगलं दोन मीटर उंच असू शकतं.

असं एक पॅनेल १८०० मेगाहर्ट्झवर चालतंय असं धरू. तरंगलांबी साधारण १६.७ सेंटिमीटर. पॅनेलच्या बरोबर समोर, मध्याच्या उंचीवर सहा मीटरवर उभे राहिलात, तर वरच्या आणि खालच्या टोकांपासून येणाऱ्या लहरींना मधल्या लहरीपेक्षा सुमारे ८.३ सेंटिमीटर जास्त चालावं लागतं. म्हणजे अर्धी तरंगलांबी! मधल्या लहरीचा उंचवटा पोचतो तेव्हा टोकांकडून खळगा येतो. त्यामुळे इथे तीव्रता मोजणारा मीटर हातभर वर-खाली केला तरी आकडा हलतो. हे निकट क्षेत्र.

मागे सरकत ४८ मीटरवर गेलं की हा फरक जेमतेम एक सेंटिमीटर, म्हणजे तरंगलांबीचा सोळावा हिस्सा उरतो. सगळ्या लहरी जवळपास एकसाथ पोचतात. अभियंते दूर क्षेत्राची सुरुवात इथेच धरतात. सूत्र 2D²/λ, त्यात D ही अँटेनाची लांबी आणि λ ही तरंगलांबी. ही रेघ सोयीची आहे, तिथे काही भिंत नाही.

मग आत काय होतं? उंच, अरुंद पॅनेलची ऊर्जा जवळून आडवी पसरते, उभी फारशी नाही. म्हणून उंचीभरची सरासरी तीव्रता अंतराच्या वर्गाने नाही, नुसत्या अंतराने घटते: दुप्पट अंतराला निम्मी. साधारण २४ मीटरच्या आसपास घट वर्गाकडे वळू लागते.

आता चूक कुठे होते ते बघा. सहा मीटरवर सरासरी मोजून कोणी ६० मीटरवरचा अंदाज थेट वर्गाने काढला, तर उत्तर शंभरावा हिस्सा येतं. खरं तर २४ मीटरपर्यंत चौथाई आणि तिथून ६० मीटरपर्यंत आणखी सव्वासहावा हिस्सा, म्हणजे एकूण पंचविसावा. अंदाज चौपट कमी पडला. उलट लांबचं मोजमाप घेऊन जवळचा अंदाज काढला, तर तो चौपट फुगतो. प्रत्यक्षात भिंती आणि पत्र्यांवरून परतणाऱ्या लहरी आकडे आणखी बिघडवतात, म्हणून एकाच मोजमापावर भिस्त ठेवू नये.

आकाशवाणी नागपूरच्या ५८५ किलोहर्ट्झ मध्यम लहरीची गोष्ट वेगळी. तरंगलांबी जवळपास ५१२ मीटर, आणि खांबापासून तिच्या सुमारे सहाव्या हिश्श्याच्या, म्हणजे ८० मीटरच्या आत, बरीचशी ऊर्जा बाहेर न जाता अँटेनाभोवतीच ये-जा करते. तिथे विद्युत आणि चुंबकीय क्षेत्र यांचं नेहमीचं गुणोत्तर टिकत नाही. एकावरून दुसरं काढता येत नाही, दोन्ही वेगवेगळी मोजावी लागतात.