शनिवारवाडा ते मंडई : हवाई फोटोतून चित्रनकाशा कसा उतरतो

पुण्याच्या पेठांचा वरून काढलेला फोटो समोर ठेवला, तर त्यात सगळं असतं. प्रत्येक कौल, प्रत्येक पाण्याची टाकी, गच्चीवर वाळत घातलेले कपडेसुद्धा. तरीही नवख्या माणसाच्या हाती तो फोटो देऊन ‘शनिवारवाड्यापासून तुळशीबागेत जा’ म्हटलं, तर तो पहिल्याच चौकात अडकेल. फोटोला कुठलीही गोष्ट दुसरीपेक्षा महत्त्वाची वाटत नाही. चित्रनकाशा काढणाऱ्याचं सगळं काम तिथून सुरू होतं. काय ठेवायचं, काय गाळायचं, आणि ठेवलेलं किती वाकवायचं? या तीन निर्णयांमागे बरंच गणित आहे.

पहिली अडचण अशी की फोटो हाच मुळात नकाशा नसतो. नकाशात आपण प्रत्येक ठिकाण बरोबर डोक्यावरून पाहतोय असं मानलेलं असतं. कॅमेरा मात्र एकाच जागी असतो आणि बाकी सगळं तिथून तिरपं पाहतो. समजा ड्रोन जमिनीपासून १२० मीटर उंचीवर आहे. त्याच्या थेट खालच्या बिंदूपासून ८० मीटरवर २० मीटर उंच, म्हणजे साधारण सहा मजली इमारत आहे. कॅमेऱ्यापासून इमारतीच्या माथ्याला टेकून जाणारी रेषा पुढे जमिनीपर्यंत वाढवली, तर ती मध्यापासून ९६ मीटरवर टेकते. ८० गुणिले १२० भागिले १००, इतकं सोपं गणित. म्हणजे इमारतीचा माथा फोटोत १६ मीटर बाहेर सरकलेला दिसतो. पेठेतला बोळ तीन-चार मीटर रुंद. इमारतीच्या मागचा बोळ फोटोत अंधुकही दिसत नाही, तो पूर्ण झाकला जातो. त्यातून गच्चीची कड गिरवून रस्ता काढला, तर तो सोळा मीटर चुकलेला रस्ता असतो.

ही चूक ओळखायला सोपी आहे. फोटोत इमारतींच्या भिंती दिसत असतील आणि त्या सगळ्या मध्यापासून बाहेरच्या बाजूला कललेल्या असतील, तर तो सुधारलेला फोटो नाही. उपग्रहाच्या चित्रात त्या बहुधा सगळ्या एकाच दिशेला कललेल्या असतात, कारण उपग्रह खूप दूर असतो आणि बाजूने पाहत असतो. उपाय म्हणजे एकाच जागेचे एकमेकांवर भरपूर चढणारे अनेक फोटो घ्यायचे. दोन शेजारच्या फोटोंत सत्तर-ऐंशी टक्के भाग सामाईक असेल, तर सॉफ्टवेअर तीच खिडकी, तोच कोपरा वेगवेगळ्या कोनांतून ओळखतं, त्यावरून त्याची उंची काढतं आणि प्रत्येक ठिपका त्याच्या खऱ्या जागेवर नेऊन बसवतं. अशा चित्राला ऑर्थोफोटो म्हणतात. दाट वस्तीत तोही निर्दोष नसतो. इमारतींच्या कडा लाटांसारख्या दिसू लागल्या, की तिथे सॉफ्टवेअरने अंदाज बांधलाय असं समजावं. आणि हो, लोहगावचा विमानतळ जवळ असल्यामुळे पुण्यात ड्रोन उडवण्याआधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरचा झोनचा नकाशा पाहावाच लागतो.

ऑर्थोफोटो मिळाला तरी लगेच गिरवायला बसू नये. वरून पाहताना पेठा डोळ्यांना फसवतात. वाड्यांचे आतले चौक लांबट असले की बोळासारखे दिसतात, आणि खरा बोळ मात्र दोन्ही बाजूंच्या पत्र्यांखाली दडून बसतो. तुळशीबागेच्या परिसरात तर दुकानांपुढची छप्परं आणि ताडपत्र्या इतक्या दाट आहेत की वाट कुठून कुठे जाते हे वरून कळणं अशक्य. म्हणून फोटोचा प्रिंट घेऊन पायी फिरावं लागतं. फोटोत दिसतं पण जाता येत नाही अशा जागेवर एक खूण, आणि जाता येतं पण फोटोत दिसत नाही अशा वाटेवर दुसरी. दुसरी यादी नेहमी अधिक मोलाची निघते.

आता कागद घेऊ. शनिवारवाड्यापासून महात्मा फुले मंडईपर्यंत अंतर साधारण ८०० मीटर. थोडी मोकळी जागा धरून एक किलोमीटरचा पट्टा ए-फोर कागदाच्या २५० मिलिमीटरमध्ये बसवायचा म्हटलं, तर प्रमाण येतं १ : ४०००. कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे चार मीटर. तीन मीटरचा बोळ कागदावर पाऊण मिलिमीटरचा होतो, आणि त्यावर नाव लिहायला अक्षर किमान दोन मिलिमीटर उंच हवं. म्हणजे बोळाला तीन मिलिमीटर तरी द्यावे लागणार. कागदावर तो बारा मीटर रुंद झाला! ही वाढीव रुंदी कुठून तरी काढावी लागते, ती शेजारच्या घरांच्या पट्ट्यातून काढायची. घरांचं क्षेत्रफळ नकाशात खोटं असलं तरी कुणाचं अडत नाही, बोळाचं नाव वाचता आलं नाही तर अडतं.

रस्ते असे फुगवणं ही हौशी लोकांची पळवाट नाही. हर्मन बॉलमन या जर्मन चित्रकाराने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनचा प्रसिद्ध चित्रनकाशा केला, तेव्हा त्याच्यासाठी हजारो फोटो घेतले गेले, त्यांतले बरेच विमानातून. इतकी अचूक सामग्री हाताशी असूनही त्याने रस्ते मुद्दाम रुंद काढले, कारण खऱ्या रुंदीत उंच इमारतींनी मागचे रस्ते गिळले असते. खिडक्या मोजून घेण्याइतका काटेकोर माणूस रस्त्याच्या रुंदीत मात्र सवलत घेतो, यातच या कलेची शिस्त दिसते.

रुंदीनंतर वळणं. ऑर्थोफोटोवरून बाजीराव रस्ता गिरवला, की रेषेवर शंभरेक बिंदू सहज जमतात. थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, एखादं दुकान पुढे आलंय म्हणून जरासा बाक. यातलं काय ठेवायचं हे ठरवण्याची एक साधी रीत १९७३ मध्ये डग्लस आणि प्यूकर यांनी मांडली, आणि नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये ती आजही वापरतात. रेषेची दोन टोकं जोडून दोरा ताणल्यासारखी सरळ रेघ मारा. त्या रेघेपासून सर्वांत लांब गेलेला बिंदू शोधा. तो ठरवलेल्या मर्यादेपेक्षा, समजा १५ मीटरपेक्षा लांब असेल तर ते खरं वळण आहे, तो ठेवा. मग त्या बिंदूपाशी रेषेचे दोन तुकडे करून प्रत्येकावर तेच पुन्हा. लांब नसेल तर मधले सगळे बिंदू पुसून टाका. शंभर बिंदूंचे बघता बघता पाच-सहा होतात, आणि रस्त्याचं वळण चालणाऱ्याला जाणवतं तेवढंच उरतं.

पण ही रीत आंधळी आहे, आणि इथे काळजी घ्यावी लागते. ती एकेक रेषा सुटी पाहते. रस्ता सरळ झाला की बाकाच्या आतल्या बाजूला असलेलं देऊळ रस्त्याच्या पलीकडे जाऊन पडू शकतं. दोन शेजारचे बोळ सरळ होताना एकमेकांना छेदू शकतात आणि जिथे चौक नाही तिथे नकाशात चौक तयार होतो. अंतरातली चूक वाचक चालता चालता सावरून घेतो. बाजूची चूक सावरता येत नाही. उजवीकडे शोधायचं म्हणून तो डावीकडे पाहतच नाही. म्हणून माझा नियम असा : लांबी, रुंदी, क्षेत्रफळ यांत हवी तेवढी सूट घ्या, पण कोणत्या खुणेनंतर कोणती खूण येते आणि ती रस्त्याच्या कोणत्या हाताला आहे, यात तसूभरही नाही.

आता खुणांची चित्रं. फोटोतून इथे फारच थोडं मिळतं. विश्रामबागवाडा वरून म्हणजे कौलारू छपरं आणि मधले चौक. त्याला लोक ओळखतात ते बाजीराव रस्त्यावरच्या कोरीव लाकडी दर्शनी भागामुळे. मंडईचं उलट आहे. १८८६ मध्ये खुल्या झालेल्या या इमारतीचा मधला अष्टकोनी मनोरा आणि त्यातून चहूबाजूंना फुटलेली दालनं वरूनही लगेच ओळखू येतात. म्हणजे जागा फोटोतून घ्यायची आणि चेहरा रस्त्यावर उभं राहून घ्यायचा. नकाशा वरून आणि इमारती समोरून हे मिश्रण तर्काला खटकतं, पण वाचणाऱ्याला कधीच खटकत नाही.

शनिवारवाडा मात्र खरा पेच टाकतो. त्याचा चेहरा म्हणजे दिल्ली दरवाजा, आणि तो उत्तरेकडे तोंड करून आहे. उत्तर वर ठेवलेल्या नकाशात आपण जणू दक्षिणेकडून पाहत असतो, म्हणजे वाड्याची पाठच दिसायला हवी. पाठ काढली तर कुणी ओळखणार नाही. दरवाजा वाचकाकडे फिरवला तर ओळख पटते, पण माणूस दक्षिणेच्या तटाला प्रवेश शोधत बसतो. मला पटलेला तोडगा असा की दरवाजा वाचकाकडे फिरवायचा आणि तटाच्या उत्तर बाजूला ठसठशीत बाण काढून ‘प्रवेश’ असं लिहायचं. दुसरा मार्ग म्हणजे नकाशाच उलटा करून दक्षिण वर घेणं. शिवाजीनगरकडून चालत येणाऱ्यांसाठी तो जास्त सोयीचा ठरतो, कारण त्यांच्या पुढ्यात जे आहे तेच कागदावर वर असतं.

चित्राचा आकार हा आणखी एक प्रश्न. पंधरा मिलिमीटरचं चित्र या प्रमाणात साठ मीटर जागा व्यापतं. शिवाजी रस्त्यालगतच्या दगडूशेठ गणपतीच्या मंदिराला एवढं चित्र दिलं, तर ते अख्खा रस्ता झाकून टाकील. चित्र रस्त्याच्या आपल्या बाजूलाच ठेवून मागच्या घरांवर सरकवायचं आणि मंदिराच्या दारातून रस्त्याला टेकणारी छोटी रेघ काढायची. बाजीराव आणि शिवाजी रस्त्यांत अंदाजे अडीचशे मीटरचं अंतर आहे, म्हणजे कागदावर जेमतेम सहा सेंटिमीटर. त्यात तुळशीबागेतल्या राममंदिराचं शिखर आणि बोळ बसवायचे असतात. एवढ्या जागेत मी तीनपेक्षा जास्त चित्रं घालणार नाही. चित्र ठीक झालंय का, हे पाहायला ते दहा मिलिमीटरवर आणून फक्त काळ्या शाईत छापावं आणि खालचं नाव झाकून पेठेत राहणाऱ्या कुणाला तरी दाखवावं. त्याला क्षणभर विचार करावा लागला, तर तपशील कमी करायचे असतात. वाढवायचे क्वचितच.

सगळं जुळलं की नकाशा फोटोशी पडताळायचा. नकाशावरून वाट शब्दांत लिहून काढावी : अमुक खूण डाव्या हाताला, मग दोन बोळ सोडून तिसऱ्यात उजवीकडे. मग नकाशा बाजूला ठेवून तेच शब्द ऑर्थोफोटोवर बोटाने चालावेत. बोळांची संख्या किंवा हात एकदा जरी चुकला, तरी त्या भागातली रेषा पुन्हा मूळ बिंदूंवरून काढावी, नुसती ढकलून जुळवू नये.

आणि अशा नकाशाखाली मोजपट्टी छापू नये. बोळ फुगवलेत, घरं आकसलीत, त्यामुळे ती कुठल्याच कोपऱ्यात खरी नसते. त्याऐवजी खुणांच्या मधल्या रस्त्यावर चालण्याचा वेळ लिहावा. शनिवारवाडा ते मंडई, गर्दी नसताना, बारा मिनिटं.